नाव-गाव सांगितले, काम सांगितलेच नाही

«मदतकेंद्रावर एकाने नाव, वय, गाव, धंदा असे सविस्तर लिहून पाठवले आहे, पण काम काय ते लिहिलेच नाही. काय उत्तर द्यावे?»

अशा मजकुराला मी अर्धवट मानत नाही. ‘मी अमुक, वय इतके, धंदा शेती, राहणार, तालुका, जिल्हा’ अशीच आपल्याकडे प्रतिज्ञापत्राची सुरुवात होते, आणि कचेरीची सवय झालेला माणूस तेवढे लिहून पुढच्या प्रश्नाची वाट पाहतो.

मोह होतो तो वयावरून गरज ओळखण्याचा. आमच्या केंद्रावर 66 वर्षांच्या एका शेतमजुराने असाच परिचय पाठवला, तेव्हा श्रावणबाळ योजनेला 65 वर्षांची अट असल्यामुळे मी लगेच कागदपत्रांची यादी कळवली, आणि ते बिचारे दुसऱ्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जाऊन बसले. त्यांना मात्र शिधापत्रिकेत सुनेचे नाव घालायचे होते.

आता मी एवढेच लिहितो: ‘नमस्कार काका, तुमची माहिती मिळाली. आज कोणत्या कामासाठी लिहिले? दाखला, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, की दुसरे काही?’ दोन-तीन नावे दिल्याने उत्तर देणे सोपे जाते. ‘दुसरे काही’ मात्र गाळू नये, नाहीतर माणूस भिडेपोटी यादीतलेच एखादे काम निवडतो. सांगून झालेले गाव किंवा वय पुन्हा विचारू नये, आणि आधार क्रमांक तर काम कळेपर्यंत मागूच नये. दिवसभरात उत्तर आले नाही, तर मी फोन करतो, कारण पुष्कळदा तो मजकूर शेजारच्या मुलाने लिहून दिलेला असतो.