दुकानाच्या भाड्यावर आरसीएम: नोटिशीतला आकडा मान्य करायचा का?

सांगलीचा दुकानदार: माझं स्टेशनरीचं दुकान आहे, रेग्युलर जीएसटी. गाळा भाड्याचा, महिना २५,०००. मालक निवृत्त शिक्षक, त्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही. २०२४-२५ साठी ASMT-10 ही नोटीस आली आहे: वर्षाचं भाडं ३ लाख, त्यावर १८ टक्क्यांनी ५४,००० रिव्हर्स चार्जचा, म्हणजे आरसीएमचा कर भरलेला नाही, खुलासा द्या. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला बँकेतून जातं. हा कर मी भरायचा असतो हे मला खरंच माहीत नव्हतं. भरून मोकळा होऊ की भांडू?

इचलकरंजीचा व्यापारी: भरून मोकळे व्हा. ५४ हजारांसाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या, वकिलाची फी द्यायची, त्यापेक्षा साहेबांनी काढलेला आकडा भरा आणि फाइल बंद करून घ्या. आयटीसी, म्हणजे भरलेल्या कराचं क्रेडिट, मिळणारच आहे. आणि तो कर मालकाच्या भाड्यातून हळूहळू कापून घ्या. भाडं त्यांना मिळतं, मग कर तुम्ही का सोसायचा?

कर सल्लागार, पुणे: दोन्ही सल्ल्यांना माझा विरोध आहे. मालकाच्या भाड्यातून एक रुपयाही कापू नका. या व्यवहारात कायद्याने कर भाडेकरूवर टाकला आहे. करारात तसं काही ठरलेलं नसताना भाडं कापलंत तर मालक थकबाकीचा दावा करतील, आणि तो बरोबर असेल.

आता आकडा. बिगरनोंदणीकृत मालकाच्या व्यापारी जागेच्या भाड्यावर रिव्हर्स चार्ज लागू झाला तो १० ऑक्टोबर २०२४ पासून. त्याआधी मालक नोंदणीच्या मर्यादेखाली असले तर या भाड्यावर कोणीच काही देणं लागत नव्हतं. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरचं दीड लाख भाडं या हिशेबातून सरळ बाहेर जातं. साहेबांनी बहुधा ताळेबंदातला भाड्याचा आकडा उचलून त्याला १८ टक्के लावले आहेत. नोव्हेंबर ते मार्च पाच महिने, १,२५,००० वर २२,५००. राहतो फक्त ऑक्टोबर. ५४,००० मुकाट्याने भरलेत तर जे देणं नव्हतंच त्याची कबुली दिल्यासारखं होईल, आणि नंतर परतावा मागत फिरावं लागेल.

अकाउंटंट, कोल्हापूर: सरांचं तारखेचं म्हणणं बरोबर. पण यात भांडण्यासारखं काहीच नाही. आजच्या तारखेने सेल्फ इन्व्हॉइस, म्हणजे मालकाऐवजी तुम्हीच बनवलेलं भाड्याचं बिल, काढा, या महिन्याच्या GSTR-3B मध्ये 3.1(d) ला कर दाखवून कॅशने भरा आणि त्याच रिटर्नमध्ये 4(A)(3) ला क्रेडिट घ्या. सरकारकडे एका हाताने गेलं, दुसऱ्या हाताने आलं. सरकारचं नुकसान नाही म्हणून व्याजही नाही.

कर सल्लागार, पुणे: क्रेडिटचं तुमचं अर्धं म्हणणं मान्य. जून २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे बिगरनोंदणीकृत पुरवठादाराच्या बाबतीत क्रेडिटची मुदत सेल्फ इन्व्हॉइस ज्या वर्षात काढलं त्या वर्षावरून मोजतात. त्यामुळे क्रेडिट बुडत नाही. पण उशिरा इन्व्हॉइस काढलं तर व्याज द्यावं लागेल आणि दंडही लागू शकतो, हे त्याच सर्क्युलरमध्ये लिहिलं आहे. तेवढं वाक्य सगळे गाळतात.

रिव्हर्स चार्जचा कर क्रेडिट लेजरमधून भरता येत नाही, कॅशच लागते. त्यामुळे क्रेडिट पडून होतं ही सबब इथे चालत नाही. उदाहरण बघा: नोव्हेंबरचं भाडं ५ नोव्हेंबरला दिलं, कर ४,५००, मुदत २० डिसेंबर २०२४. तो १० जून २०२६ ला भरला तर ५३७ दिवसांचं १८ टक्क्यांनी व्याज साधारण १,१९२ रुपये होतं. हे पैसे परत मिळत नाहीत. पुढच्या प्रत्येक महिन्याला दिवस कमी होत जातात, म्हणून उत्तरात महिनावार तक्ताच लावा.

मिरजेचा हॉटेलवाला: माझं कंपोझिशन आहे. मलाही अशीच नोटीस येणार का? मला तर क्रेडिटही मिळत नाही, १८ टक्के खिशातून जातील. मी पण तारखेचं उत्तर देऊ?

कर सल्लागार, पुणे: तुमची गोष्ट वेगळी आहे. १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं आहे, आणि १० ऑक्टोबर ते १५ जानेवारीचा काळही त्याच महिन्याच्या सर्क्युलरने जसा आहे तसा नियमित केला. म्हणजे भरला नसेल तर मागणी नाही, भरला असेल तर परत नाही. नोटीस आलीच तर उत्तरात हेच लिहा. मूळ प्रश्न रेग्युलरवाल्याचा आहे, त्यांना ही सूट नाही.

वकील, नाशिक: ऑक्टोबरचा प्रश्न तसाच राहिला. भाडं ५ ऑक्टोबरला दिलं, अधिसूचना १० ची. रिव्हर्स चार्जमध्ये पैसे दिले ती तारीख करदायित्वाची वेळ ठरवते. त्या दिवशी हा कर नव्हता. मी ऑक्टोबरचा एक पैसा मान्य केला नसता.

कर सल्लागार, पुणे: तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण ५ तारखेने कर कधी द्यायचा ते ठरतं. कर मुळात लागतो का, हे सेवा कधी दिली गेली यावरही आहे, आणि १० ते ३१ ऑक्टोबर गाळा वापरला तो अधिसूचनेनंतरच. २२ दिवसांचं भाडं १७,७४२ आणि त्यावर कर साधारण ३,१९४. क्रेडिट मिळणार असल्याने मी माझ्या अशिलाला तो भरायला सांगेन, म्हणजे एकूण कर साधारण २५,६९४.

वकील, नाशिक: भरणं सोयीचं आहे म्हणून देणं लागतं असं होत नाही. कोणाचं वर्षाचं भाडं १ ऑक्टोबरला आगाऊ गेलं असेल तर हाच मुद्दा लाखांत जातो. भरायचंच असेल तर निदान निषेध नोंदवून भरा.

अकाउंटंट, कोल्हापूर: व्याजाबाबत माझी चूक मान्य. पण प्रत्यक्षातली अडचण सांगतो. माझ्या एका अशिलाने असाच कर 3B मधून भरला, तर अधिकारी म्हणाले मला रिटर्नबाहेर कर भरायचा DRC-03 फॉर्मच पाहिजे. दुसऱ्याने DRC-03 ने भरून 4(A)(3) ला क्रेडिट घेतलं, तर पोर्टलवरच्या आरसीएम स्टेटमेंटला भरलेला कर दिसेना, कारण ते 3.1(d) शी जुळवतं. जास्त क्रेडिट घेतल्याचा इशारा आला.

कर सल्लागार, पुणे: मी कर 3B ने आणि व्याज DRC-03 ने भरतो, दोन्हींचे एआरएन, म्हणजे पोर्टलचे पोच क्रमांक, नोटिशीच्या उत्तराच्या ASMT-11 फॉर्ममध्ये देतो. बहुतेक ठिकाणी चालतं, सगळीकडे नाही. आधी अधिकाऱ्यांशी बोलून घ्या.

दुकानदार, तुमच्यासाठी शेवटचं. नोटिशीच्या उत्तराला जास्तीत जास्त ३० दिवस असतात, नोटिशीवरची तारीख बघा. भाडेकरार, मालकाचं नोंदणी नसल्याचं लेखी, ५ तारखांच्या नोंदी असलेलं बँक स्टेटमेंट आणि महिनावार तक्ता जोडा. पहिल्याच परिच्छेदात लिहा की एप्रिल ते ९ ऑक्टोबरला ही तरतूद नव्हती. आणि एप्रिल २०२५ पासूनचं भाडं? तिथेही कर भरला नसणार. त्याची नोटीस यायची वाट बघू नका.

सांगलीचा दुकानदार: नाही भरला. एप्रिलपासूनचाही. उद्या बँकेत जाऊन दोन वर्षांचं स्टेटमेंट काढतो. मालकांना आज फोन केला, ते लेखी द्यायला तयार आहेत. ऑक्टोबरचं अजून ठरत नाही. २२ दिवसांचा कर निषेधाची ओळ लिहून भरावा असं वाटतंय, पण ती ओळ 3B मध्ये लिहायची कुठे?

वकील, नाशिक: 3B मध्ये जागा नाही. ASMT-11 च्या मजकुरात लिहा, आणि त्याची पोच जपून ठेवा.