प्रतिसाद: उटणं आणि सीरम एकत्र?

"उटणं तर नैसर्गिक, मग सीरमसोबत लावलं तर काय बिघडणार?"

बिघडतं, चांगलंच. आमच्या भाचीच्या फळीवर सीरमच्या बाटल्यांची नुसती जत्रा: व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक अॅसिड, रेटिनॉल. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री ती रेटिनॉल लावून झोपली आणि पहाटे आजीचं उटणं गालांवर खसाखसा चोळलं. थोड्या वेळात गाल लालभडक, साधं पाणीही झोंबायला लागलं. दोष अर्थातच उटण्यावर. आजीने चिमूटभर पूड बोटांत चोळून दाखवली. मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा, सगळं वस्त्रगाळ. कण म्हणून लागेना.

रेटिनॉल आणि अॅसिडमुळे त्वचेचा वरचा थर आधीच नाजूक झालेला असतो. त्यावर बारीक पूडसुद्धा घासली की तो सोलवटतो. जळजळ थांबेपर्यंत उटणं आणि सीरम दोन्ही बंद ठेवून नुसतं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं, दिवसा सनस्क्रीन. फोड आले किंवा सूज चढली तर मात्र सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. भाची आता उटणं हातापायांनाच लावते. आजीला हे फारसं पटलेलं नाही, पण व्हिटॅमिन सीची तपकिरी पडलेली बाटली तिनेच फेकायला लावली. (बरोबरच होतं, ते हवेने खराब झालेलं असतं.)