मदत हवी आहे: मजकूर पेस्ट झालेला दिसतोय, पण लिहिला कुणी?

एम.ए.चे प्रकल्प तपासतेय. एका विद्यार्थिनीच्या गूगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीत सुमारे 1,800 शब्द एकदम आलेले दिसतात. ती म्हणते, मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून इथे पेस्ट केलं. शक्य आहे, मजकूर इथे कधी आला एवढंच त्या नोंदीतून कळतं, तो आधी कुठे लिहिला गेला ते नाही. उलट दुसऱ्याचं लेखन समोर ठेवून कुणी टाइप केलं, तर पेस्ट दिसणारच नाही. फार तर खाडाखोड कमी आणि सगळं वरून खाली सरळ लिहिलेलं, एवढाच सुगावा. पेस्टनंतर तिने परिच्छेद हलवलेत, उदाहरणंही बदललीत. याला किती वजन द्यावं? मूळ नोट्स मागवणं आणि तोंडी विचारणं याखेरीज तुम्ही काय करता?