स्क्रीनशॉटमधली पोस्ट कॉपी केली की नाव, हॅशटॅग, लाइक्स सगळ्याची खिचडी होते. मदत हवी आहे!

घाईत_असलेली
आमच्या गटाकडे तळ्याच्या गाळाबद्दल लोकांनी टाकलेल्या पोस्टचे ढीगभर स्क्रीनशॉट आहेत. ते शीटमध्ये भरायचे आहेत : कोणी लिहिलं, मूळ मजकूर, हॅशटॅग, कोणाला टॅग केलं, लाइक्स. मजकूर कॉपी केला की सगळं एकाच परिच्छेदात येतं. शुक्रवारी द्यायचंय. पटकन सांगा कोणीतरी.

बंड्या७७
गूगल लेन्स वापरा. मी तर किराण्याची बिलंसुद्धा त्यानेच वाचतो.

घाईत_असलेली
लेन्सच वापरतेय हो. वाचता येण्याची अडचण नाहीच, वेगळं करायची आहे.

खटपट्या
ताई, पोस्ट फेसबुकच्या की इन्स्टाच्या? आणि एक नमुना जसाच्या तसा टाका, अंदाजाने काय सांगणार?

घाईत_असलेली
बहुतेक इन्स्टा. लेन्समधून असं येतं (नावं बदलली आहेत) :

```
amuk_tamuk
९ 1.2K Q 48
amuk_tamuk आज पुन्हा @amuk_karyalay
कडून तेच उत्तर. गाळ काढायला अजून
वर्ष? #तळेवाचवा #कोल्हापूर
```

ते ९ आणि Q कुठून आले देव जाणे.

मीनाक्षी_ठाणे
मलाही हेच हवं होतं! शाळेच्या ग्रुपवर टाकायचं तर वरचं नाव पुसट कसं करायचं?

खटपट्या
मीनाक्षीताई, तो वेगळा प्रश्न आहे.
९ म्हणजे बदाम आणि Q म्हणजे कॉमेंटचा फुगा. लेन्स चित्रालाही अक्षरच समजतं. म्हणून आधी कात्री चालवा. फोटोखालच्या चिन्हांच्या ओळीपर्यंत एक तुकडा, त्याखालचा दुसरा. आकडे वरच्या तुकड्यातून, मजकूर खालच्यातून. इन्स्टाचा एक खोडसाळपणा असा की खाली मजकुराच्या ओळीतच नाव पुन्हा ठळक अक्षरात येतं. कॉपी केल्यावर ठळकपणा जातो आणि नाव वाक्याचा पहिला शब्द होऊन बसतं. वरच्या तुकड्यातलं नाव आणि हा पहिला शब्द सारखे असतील तर तो मजकुरातून काढायचा.

सॉफ्टवेअरवाला_पुणे
एवढी कापाकापी कशाला? पायथनमध्ये `#\w+` लिहा, सगळे हॅशटॅग बाहेर.

खटपट्या
चालवून पाहिलंत का? `#तळेवाचवा` मधून `#तळ` एवढंच येईल आणि `#कोल्हापूर` चं नुसतं `#क`. पायथनच्या साध्या `re` मध्ये `\w` मात्रा-वेलांट्यांना अक्षर धरत नाही, पहिल्या मात्रेपाशीच थांबतो. त्यापेक्षा हे घ्या :

```
#[^\s#]+
```

रिकामी जागा किंवा दुसरा # येईपर्यंत सगळं उचलतो. हॅशटॅगला चिकटून स्वल्पविराम असेल तर तोही येतो, तेवढा हाताने काढावा लागतो.

सॉफ्टवेअरवाला_पुणे
इंग्रजी हॅशटॅगवर चालतं माझं. बरं, शीटमध्ये तुमचाच नमुना `REGEXEXTRACT` ला द्या की.

खटपट्या
तो फक्त पहिला हॅशटॅग देतो. सगळे हवे असतील तर मजकूर A2 मध्ये ठेवून :

```
=IFERROR(TEXTJOIN(" ",TRUE,FILTER(
SPLIT(A2," "&CHAR(10)),
LEFT(SPLIT(A2," "&CHAR(10)),1)="#")),"")
```

शेवटी # च्या जागी @ टाकलंत की टॅग केलेली नावं.

आणि ताई, मजकुरातून हे शब्द खोडू नका, दुसऱ्या रकान्यात त्यांची नक्कल घ्या. तुमच्या नमुन्यातून @amuk_karyalay उडवलंत तर ‘आज पुन्हा कडून तेच उत्तर’ उरतं. शेवटी नुसती हॅशटॅगची रांग असेल तर ती काढली तरी वाक्य मोडत नाही.

सुमनकाकू
पण 1.2K चं काय करायचं? आमच्या चिरंजीवांनी एका तक्त्यात सरळ 1200 करून टाकलं होतं.

खटपट्या
काकू, 1.2K हा गोळाबेरीज केलेला आकडा, खरा 1,237 सुद्धा असू शकतो. दिसतो तसाच ठेवावा. स्क्रीनशॉट कधी काढला ती तारीखही शेजारी लिहावी, लाइक्स बदलत राहतात.

बंड्या७७
मग बेरीज कशी करणार? 1200 च बरोबर.

सुमनकाकू
बेरीज मागितलीय कोणी?

घाईत_असलेली
जमतंय! पण काहींमध्ये मजकूर ‘… more’ वर संपतो. आणि एकात फोटोच म्हणजे घोषणांचा फलक आहे, त्यातले शब्दही मजकुरात घुसले.

खटपट्या
फलकासाठी वेगळा रकाना करा, ‘चित्रातला मजकूर’. ‘more’ च्या पुढचं स्क्रीनशॉटमध्ये नाहीच, तिथे ‘अपुरा’ अशी खूण करा. मूळ पोस्टची लिंक आहे का कोणाकडे?

घाईत_असलेली
निम्म्यांची नाही. काहींनी पोस्ट उडवल्यात.

मीनाक्षी_ठाणे
नाव पुसट करायचं कोणी सांगेल का?