स्लॅब खाली वाकतोय हे कशावरून ओळखलंत, आणि मोजलंत कसं?

गच्चीवरची_जाई
आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीचं छत मध्यभागी खाली आल्यासारखं दिसतं. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीलगतचा उजेड आणि मधली सावली यांतला फरक लगेच नजरेत भरतो. वर गच्चीवर वीतभर मातीचे वाफे आहेत, भाज्यांचे. एक जण म्हणतो छत पहिल्यापासून असंच असेल, दुसरा म्हणतो आजच गच्ची रिकामी करा.

ज्यांनी असं काही पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. पहिलं लक्षण कुठलं दिसलं, मोजलं कशाने, आणि पुढे काय निघालं? इंजिनिअरला दाखवणारच आहे, पण त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे नीट आकडे हवेत.

निळा_टेप
सोपं आहे. लेझरचं मोजमाप यंत्र जमिनीवर ठेवा, कोपऱ्यात छताची उंची घ्या, मग मध्यभागी घ्या. वजाबाकी केली की झोल मिळाला. माझ्याकडे 14 मिमी निघाला होता. शिवाय भेग केसासारखी असेल तर ती गिलाव्याची, स्लॅबची नाही. आणि मनात धाकधूक असेल तर मध्यभागी एक लोखंडी टेकू घट्ट आवळून लावा, म्हणजे झोप तरी लागेल.

जुनी_खिडकी
आमच्याकडे छताकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. वरच्या खोलीत जुने कागद आणि फाइलींचे गठ्ठे भिंतीपासून भिंतीपर्यंत रचले होते. लक्षण दिसलं खालच्या खोलीत. तिथल्या पातळ आडभिंतीतला दरवाजा वरच्या चौकटीला घासायला लागला. सुताराने एकदा रंधा मारला, काही महिन्यांनी पुन्हा घासायला लागला. त्याच सुमाराला वरच्या खोलीत मध्यभागच्या कपाटाखालची फरशी आणि मागच्या भिंतीची स्कर्टिंग यांच्यात फट दिसू लागली. फरशी खाली गेली होती आणि स्कर्टिंग भिंतीला चिकटून जागेवरच राहिली होती.

मग खालून छत नीट पाहिलं. खोलीच्या मधोमध, लांब भिंतींना समांतर अशा दोन भेगा होत्या. इंजिनिअरताईंनी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहायला सांगितली. रुंदी मोजायला त्यांनी साधा छपाईचा कागद वापरला. असा एक कागद साधारण 0.1 मिमी जाडीचा असतो. तीन कागद एकत्र आत शिरले, तर भेग 0.3 मिमीच्या आसपास, म्हणजे आता नुसती बघत बसायची राहिली नाही. गठ्ठे काढले, त्यानंतर पेन्सिलच्या रेघांपुढे भेग गेलेली नाही.

साइटवरचा_ओळंबा
खिडकीताईंनी भेगेची दिशा लिहिली हे फार बरं केलं. अरुंद खोलीचा स्लॅब आखूड बाजूने भार वाहतो, त्यामुळे वाकल्याची भेग खालच्या अंगाला, मधोमध आणि लांब भिंतींना समांतर येते. खोली चौरसाच्या जवळ असेल तर भेगा कोपऱ्यांकडून तिरक्या निघून मध्याकडे येतात. गिलाव्याच्या भेगांना अशी दिशा नसते, त्या जाळीसारख्या पसरतात. त्यामुळे निळा_टेप, भेग बारीक आहे एवढ्यावरून ती गिलाव्याची ठरत नाही. दिशा आणि जागा आधी बघा, मग रुंदी.

आता मोजण्याचं. जमिनीपासून छत मोजलं की जमिनीचा उतारही त्या आकड्यात येतो, आणि ती जमीन म्हणजे खालचा स्लॅब. तोही वाकलेला असू शकतो. दोन्ही सारखेच वाकले असतील तर वजाबाकी शून्य येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. म्हणून मोजायचं ते स्लॅबच्या स्वतःच्या दोन टोकांपासून.

आम्ही असं करतो. आखूड बाजूच्या दोन्ही टोकांना, भिंतीला किंवा बीमला लागून, छताला 50 मिमी जाडीचे लाकडी गुटके टेकवायचे. दोन्ही एकाच पट्टीतून कापलेले हवेत. त्यांच्या खालच्या कडेवरून दोरी ताणायची आणि स्टीलच्या पट्टीने दोरीपासून छतापर्यंतचं अंतर घ्यायचं. मध्यभागी 50 च्या ऐवजी 42 आलं तर छत तिथे 8 मिमी खाली आहे. फक्त मध्यावर थांबू नका, दोन्ही पाव अंतरांवरही मोजा.

दोरीत एक खोच आहे. ती स्वतःच्या वजनाने झुकते, आणि झुकली की अंतर जास्त दिसतं, म्हणजे स्लॅबचा झोल लपतो. चूक नेमकी नको त्या दिशेला होते. चार मीटरवर गवंडीकामाची जाडसर दोरी कचकून ओढली तरी मिलिमीटरभर झुकते. मासे धरायच्या गळाची बारीक नायलॉन तार घ्या आणि तिच्या एका टोकाला दोनेक किलो वजन लोंबकळत ठेवा. मग हा फरक जवळजवळ उरत नाही, आणि प्रत्येक वेळी ताणही सारखाच राहतो.

टेकूबद्दल स्वतंत्र लिहितो, ते जास्त महत्त्वाचं आहे.

ओलसर_भिंत
आमच्याही छताला डाग आहेत, तपकिरी रंगाचे, आणि एका जागी गिलावा फुगलाय. टिचकी मारली की बद्द वाजतो. वॉटरप्रूफिंग कुठलं चांगलं? एक जण जुन्या कोब्यावरच नवीन चार इंच कोबा टाकून देतो म्हणतोय.

साइटवरचा_ओळंबा
ओलसर_भिंत, तुमचा प्रश्न गळतीचा आहे, पण तो इथेही लागू होतो. तपकिरी डाग आणि पोकळ आवाज म्हणजे बहुधा आतली सळई गंजून फुगतेय. असा स्लॅब न वाकताही कमजोर झालेला असू शकतो, दोरी त्याबद्दल काहीच सांगणार नाही. आणि जुन्यावर नवीन चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास कायमचं ओझं. घरातल्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून साधारण तेवढ्याच वजनासाठी धरलेला असतो. जुना काढल्याशिवाय नवीन टाकू देऊ नका.

आता टेकू. स्लॅबच्या मध्यभागी सळया खालच्या अंगाला असतात, कारण ताण तिथे येतो. मध्ये टेकू आवळून स्लॅब वर ढकललात तर त्या जागी ताण वरच्या अंगाला जातो, आणि तिथे बहुधा सळईच नसते. वर नवीन भेग पडते. शिवाय टेकूचं वजन खालच्या स्लॅबच्या मध्यावर जातं. तो रिकामा नसेल तर तुम्ही एकाचं दुखणं दुसऱ्याला दिलंत. तातडीची गरज असेल तर टेकू फक्त टेकेल इतकाच, वर आडवी फळी घालून, आणि त्याखाली प्रत्येक मजल्यावर त्याच रेषेत टेकू, थेट जमिनीपर्यंत. आधी वजन उतरवा, टेकूचं नंतर बघा.

निळा_टेप
टेकूचं पटलं. पण लेझर लेव्हलने आडवी रेघ भिंतीवर पाडून छतापर्यंत मोजलं तर? तिथे जमिनीचा संबंध येत नाही.

साइटवरचा_ओळंबा
ते चालेल. रेघ आडवी आहे याची खात्री मात्र करून घ्या. यंत्र मोजायच्या रेषेवर नको, तिच्यापासून दूर, लांब बाजूच्या टोकाला ठेवा, म्हणजे दोन्ही टोकं आणि मध्य जवळजवळ सारख्या अंतरावर येतात. स्वस्त यंत्रात दोन-तीन मिमीची चूक सहज असते, आणि आपण शोधतोय तेही तेवढंच असतं.

सज्जाकोन
आमचा अनुभव उलटा आहे, म्हणून सांगते. सज्जा खालून बघितला तर स्वच्छ होता, भेग वरच्या बाजूला होती, भिंतीला अगदी लागून. फरशीच्या सांध्यात लपली होती, फरशी उचलल्यावर सापडली. सज्ज्याला एकीकडेच आधार, म्हणून त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असायला हव्यात. इंजिनिअरने थोडं उकरून पाहिलं तर त्या स्लॅबच्या जवळजवळ मध्यावर बसल्या होत्या. काँक्रीट ओतताना त्यांच्यावरून माणसं चालली असावीत. कडेचा उतार पाण्याच्या नळीने मोजला. एक टोक भिंतीशी, दुसरं कठड्याशी, नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. पण आकडा फार मोठा नव्हता. इंजिनिअर म्हणाले, सज्ज्यात आकड्याची वाट बघायची नाही, वरची भेग हेच पुरेसं आहे. आम्ही तिथल्या कुंड्या, सगळं काढलं आणि दार बंद ठेवलं.

गच्चीवरची_जाई
दोरी लावली. आखूड बाजू 3.6 मीटर. गुटके 50 मिमीचे, मध्यभागी 41, पाव अंतरांवर 44 आणि 43. खाली भेग एकच दिसली, मधोमध, एक कागद जेमतेम शिरतो. दुपारी पुन्हा मोजलं तर मध्यभागी 42 आलं. मोजण्यात चूक झाली का?

साइटवरचा_ओळंबा
चूक नसावी. उन्हाने गच्चीचा वरचा पृष्ठभाग तापून पसरतो आणि स्लॅब किंचित वर उचलला जातो. म्हणून वरच्या मजल्याचं मोजमाप नेहमी पहाटे घ्यायचं, एकाच वेळी, त्याच खुणांवर. गुटक्यांच्या आणि मोजायच्या जागा पेन्सिलने आखून ठेवा.

मध्यावर 9, पावावर 6 आणि 7. हा बाक गोलसर, हळूहळू वाढणारा आहे. सेंट्रिंगची, म्हणजे काँक्रीट ओतताना खाली लावलेल्या साच्याची, प्लेट खचल्याने आलेला फुगवटा एका जागी, प्लेटच्या सांध्यापाशी अचानक येतो. म्हणजे वाकलेलं असण्याची शक्यता जास्त, पण सेंट्रिंगचे आधारच मध्यभागी थोडे बसले असतील तरही असाच आकार येतो. एका दिवसाच्या मापातून हे दोन वेगळे करता येत नाहीत.

नियमात गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराचा, अडीचशेवा भाग ही मर्यादा धरतात, तुमच्यासाठी ती 14.4 मिमी. पण 9 हे 14 पेक्षा कमी म्हणून सुटलो, असं नाही. ती मर्यादा दिसण्यासाठी आणि फरश्या-भिंती फुटू नयेत म्हणून आहे, स्लॅबच्या ताकदीची ती हमी नाही. खरा प्रश्न आकडा वाढतोय का, आणि वजन काढल्यावर तो परत येतो का, हा आहे. वीतभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला 400 किलोच्या जवळपास. ती काढा, आणि काढताना गच्चीच्या एका कोपऱ्यात ढीग करू नका, थेट खाली न्या.

गच्चीवरची_जाई
माती सगळी उतरवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मध्यभागी 43. महिन्यानंतरही 43 च. भेग पेन्सिलच्या रेघेपुढे गेलेली नाही.

साइटवरचा_ओळंबा
2 मिमी परत आले म्हणजे मातीचा भार स्लॅबला जाणवत होता. उरलेल्या 7 मध्ये जुनं सेंट्रिंग किती आणि वर्षानुवर्षांच्या वजनाने कायमचं बसलेलं किती, ते आता दोरी सांगू शकणार नाही. काँक्रीट सततच्या भाराखाली हळूहळू वाकत राहतं, आणि तो भाग वजन काढल्यावर फारसा परत येत नाही. स्लॅबची जाडी आणि सळया किती आहेत हे यंत्राने तपासून घ्या. वाफे परत ठेवायचे का, ते त्यावरून ठरेल.

जुनी_खिडकी
वाफे भिंतीलगत, बीमच्या वर ठेवले तर? आमच्या इंजिनिअरताईंनी कपाटांना तसंच सांगितलं होतं.

साइटवरचा_ओळंबा
मध्यापेक्षा नक्की बरं, वाकणं कमी होतं. पण बीमनेही ते वजन पेलायला हवं, आणि तुमच्या बीमवर आधीच काय काय आहे ते मला इथून दिसत नाही. शिवाय गच्चीच्या कडेला सज्जा असेल तर त्याच्या टोकाकडे एकही वाफा नको.

गच्चीवरची_जाई
एका बाजूला सज्जा आहे. उद्या तिथल्या भिंतीलगतच्या फरश्यांचे सांधे बघते.