ट्रिपवरची ओढ घरी आल्यावर

«आठ दिवसांच्या ग्रुप ट्रिपवर एकाशी खूप जवळीक झाली. परत येऊन आठवडा झाला. हे टिकेल की सुट्टीपुरतंच होतं, कसं ओळखू?»

ट्रिपवर एकमेकांसाठी वेळ काढावा लागत नाही, तो आपोआप मिळतो. शिवाय धडधडीचा वाटा असतोच, थरारामुळे वाढलेली धडधड आपल्याला ओढ वाटू शकते. १९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या एका उंच झुलत्या पुलावर प्रयोग केला होता. तिथे भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करणारे पुरुष, भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा बरेच जास्त निघाले.

पहिल्या आठवड्यावरून काही ठरवू नका. साठलेल्या कामात माणूस बुडालेला असतो, उत्तर उशिरा येणारच. मी स्वतः अशाच ट्रिपवर भेटलेल्या एकावर त्यावरून उगाच रुसले होते! खरं काय ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर आमचं सगळं बोलणं फोटो आणि ग्रुपमधल्या गमतींवर चालायचं. एकदा मी ऑफिसातली कटकट लिहिली, तर नुसता अंगठा आला. दुसऱ्या दिवशी "मग काय झालं?" हा प्रश्नही नाही. भेट दोनदा रद्द झाली. त्याचं मला फारसं वाटलं नाही, पण दुसरा दिवस त्याने एकदाही सुचवला नाही, ते लागलं.

तुम्ही ग्रुपचं रियुनियन सोडून दोघंच भेटा, कामाच्या दिवशी, तासभर. ट्रिपचा विषय संपल्यावर काय बोलता ते बघा.