चीनमधले सुरियानी ख्रिस्ती संपले, ते राजाश्रय गेल्यामुळेच ना?

रानवाट: इ.स. ६३५ मध्ये अलोपेन नावाचा, सुरियानी भाषेत उपासना करणाऱ्या चर्चचा धर्मोपदेशक इराणच्या बाजूने चीनच्या तेव्हाच्या राजधानीला, चांगआनला पोचला. तीनच वर्षांत सम्राट ताइझोंगने मठ बांधायला परवानगी दिली. आणि दहाव्या शतकाच्या शेवटी अरबस्तानातल्या नजरानहून गेलेल्या एका साधूला तिथे कुणी ख्रिस्ती उरलेले आढळले नाहीत. माझं मत असं, की दरबाराच्या जिवावर उभा राहिलेला धर्म दरबाराबरोबर गेला. पटतं का?

दर्यावर्दी: शंभर टक्के. ८४५ मध्ये सम्राट वूझोंगने ख्रिस्त्यांवर बंदी घातली. विषय संपला.

जुनीपोथी: दर्यावर्दी, बंदी खरी, पण तिचा रोख बौद्धांवर होता. अडीच लाखांहून जास्त भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडलं. ख्रिस्ती आणि जरथुश्त्री पुरोहित मिळून दोन-तीन हजारच. तरी बौद्ध पुन्हा उभे राहिले, हे नाही राहिले. का?

भिक्षूला दीक्षा द्यायला तिथलेच वडीलधारे भिक्षू पुरत. या ख्रिस्त्यांत पुरोहिताला दीक्षा बिशप देणार, बिशपला त्याच्या वरचा मेट्रोपॉलिटन आणि मेट्रोपॉलिटन नेमणार बगदादचा पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचा सर्वोच्च प्रमुख. दूरच्या मेट्रोपॉलिटनांना धर्मसभेला यायची सक्ती नव्हती, सहा वर्षांतून एक पत्र पुरे होतं. चांगआनच्या ७८१ सालच्या शिलालेखावर पॅट्रिआर्क म्हणून हनानिशोचं नाव कोरलंय, तो तेव्हा वारलेला होता! बातमीच पोचली नव्हती. वाट बंद झाली की नवा बिशप नाही, मग काही वर्षांत पुरोहितही नाही.

कल्याणकर: चीन कशाला, आमच्याकडे या. सहाव्या शतकात कोस्मास नावाचा ग्रीक प्रवासी लिहितो, की ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप आहे. आमचंच कल्याण ते! मी जन्मापासून इथे राहतो, त्याची एकही खूण पाहिली नाही. इथे कुठल्या राजाने बंदी घातली होती?

जुनीपोथी: कल्लियाना म्हणजे तुमचं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात, सगळे नाही. पण तुमचा मुद्दा केरळशी ताडून बघा. तिथेही बिशप समुद्रमार्गे पश्चिम आशियातूनच यायचे, कधी कधी बराच काळ कुणी यायचंच नाही. पण कारभार स्थानिक घराण्यातल्या आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपखालच्या मुख्य अधिकाऱ्याच्या हाती असे. म्हणून तो समाज टिकला.

रानवाट: मग मंगोल काळाचं काय? १२८१ मध्ये खुद्द चीनकडून आलेला साधू याहबल्लाहा नावाने पॅट्रिआर्क झाला. कुबलाई खानाची आई सोर्घाग्तानी ख्रिस्ती होती. तेव्हा अंतर कुठे आड आलं? तरी १३६८ मध्ये चीनमध्ये मंगोल जाऊन मिंग घराणं आलं आणि पुन्हा सगळं पुसलं गेलं.

जुनीपोथी: इथे तुमचं पारडं जड आहे. त्याला निवडलं, तेच मुळी बगदादवर मंगोल राज्य होतं म्हणून. त्यांची भाषा आणि रीत त्याला ठाऊक होती. पण १२९५ मध्ये तिथला मंगोल राजा गाझान खान मुसलमान झाला आणि त्याच पॅट्रिआर्कला मारहाण झाली. मिंग येण्याच्या ७३ वर्षं आधी. चीनमधल्या फांदीला तेव्हापासून मुळाकडून काय मिळत होतं, ते आधी सांगा.